रुजू होण्याआधीची मेल: नव्या साहेबांना काय लिहायचं, काय विचारायचं

आजचा विषय छोटा आहे, एका मेलचा. नेमणूकपत्र हातात आलं, होकार कळवला आणि रुजू व्हायला आठ-दहा दिवस आहेत. या दिवसांत ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांना एक मेल लिहावी, आपली ओळख करून द्यावी आणि आधी काय वाचून यायचं ते विचारावं, हे आता बरेच जण करतात. पण बहुतेक मेलना उत्तर येतं ते एका ओळीचं: "काही नको, या निवांत." आणि पहिल्या दिवशी कळतं की बरंच काही हवं होतं. असं का होतं, ते आज आपण एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण जालन्याचंच घेऊ. इथल्या एमआयडीसीत लोखंडी सळ्या बनवणारे कारखाने आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवायचं, त्याचे बिलेट ओतायचे आणि रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळ्या काढायच्या, असं ते काम. समजा, अंबडच्या एका मुलीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे आणि तिला अशा एका कारखान्याच्या क्वालिटी लॅबमध्ये शिकाऊ म्हणून घेतलं आहे. सोमवारी, १६ जूनला रुजू व्हायचं आहे.

मनात प्रश्न खूप असतात, म्हणून पहिलं काम त्यांचे दोन ढीग करण्याचं. कागदपत्रं कोणती, मेडिकल कुठे, पगाराचं खातं, बस आहे का, सेफ्टी शूज कंपनी देते की आपण घ्यायचे, हा पहिला ढीग. तो एचआरचा. दुसरा ढीग कामाचा: पहिल्या महिन्यात माझ्याकडे काय असेल आणि त्यासाठी काय वाचू? साहेबांना फक्त हा दुसरा ढीग पाठवायचा. दोन्ही एकत्र गेले की साहेब मेल एचआरकडे ढकलतात, आणि कामाचा प्रश्न तिथेच राहतो.

आता प्रश्न विचारायचा कसा? "मी काय तयारी करू?" हा प्रश्न नम्र वाटतो, पण सगळा भार वाचणाऱ्यावर टाकतो. साहेबांना आधी विचार करावा लागतो की या मुलीला काय येतं, काय येत नाही, मग त्यातून यादी काढायची. भट्टी चालू असताना एवढं कोण करणार? म्हणून उत्तर येतं "काही नको". त्याचा अर्थ तयारीची गरज नाही असा नसतो, प्रश्न फार मोठा होता असा असतो. उपाय एकच: यादी आपण करायची आणि साहेबांना फक्त निवड करायला सांगायची.

यादी करायला कामाची थोडी माहिती लागते. सळ्यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस १७८६. त्यात ग्रेडनुसार दोन गोष्टींच्या मर्यादा असतात: पोलादात कार्बन, गंधक, स्फुरद किती चालेल आणि सळी ताणली तर किती भार सोसली पाहिजे. म्हणजे लॅबचं कामही साधारण दोन बाजूंचं. एका बाजूला स्पेक्ट्रोमीटरवर रसायन, दुसऱ्या बाजूला यूटीएमवर ताण आणि वाकवण्याची चाचणी. कॉलेजात तिने यूटीएम हाताळलं आहे, स्पेक्ट्रोमीटर पाहिलेलंही नाही. एवढं कळलं की मेल आपोआप लिहिली जाते. ती अशी:

विषय: १६ जूनला लॅबमध्ये रुजू होत आहे – ओळख आणि एक प्रश्न

नमस्कार सर,
मी १६ जूनपासून आपल्या क्वालिटी लॅबमध्ये शिकाऊ म्हणून रुजू होत आहे. आपला पत्ता एचआर विभागाने दिला. मी अंबडची, मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे. यूटीएमवर ताण चाचणी कॉलेजात केली आहे. स्पेक्ट्रोमीटर वापरलेला नाही.
रुजू होण्याआधी माझ्याकडे आठ-दहा दिवस आहेत. त्यात (१) आयएस १७८६ मधल्या चाचण्या नीट वाचाव्यात की (२) स्पेक्ट्रोमीटरचा नमुना कसा घेतात आणि तयार करतात ते शिकावं? आपल्या दृष्टीने आधी कशाची गरज आहे? नुसतं १ किंवा २ कळवलंत तरी चालेल.
आपली,
(नाव, मोबाइल नंबर)

यात तीन गोष्टी बघा. "वापरलेला नाही" हे तिने सरळ लिहिलं. ते लपवलं असतं तर पहिल्याच आठवड्यात उघड झालं असतं, आणि साहेबांनाही नेमकं सांगता आलं नसतं. बायोडाटा जोडला नाही, कारण तो त्यांच्याकडे आहेच. आणि कंपनीच्या आतली कागदं, रिपोर्टचे नमुने, ग्राहकांची नावं मागितली नाहीत. रुजू होण्याआधी ती कुणी देणार नाही, आणि मागितली तर उगाच शंका येते.

भाषा कोणती? एचआरचं पत्र ज्या भाषेत आलं त्या भाषेत. इंग्रजीत लिहायची असेल तर हीच वाक्यं तितकीच साधी ठेवा. पाठवायची कधी? आधी एचआरला लेखी होकार, मग ही मेल, रुजू होण्याच्या साधारण आठ-दहा दिवस आधी. दोन दिवस आधी पाठवली तर उत्तर येईपर्यंत वाचायला वेळच उरत नाही.

आता समजा उत्तर आलं: "२ बघा. नमुना नीट नसेल तर बाकी सगळं वाया." या एका ओळीत खूप आहे. इंडक्शन भट्टीत गंधक आणि स्फुरद फारसे काढून टाकता येत नाहीत. भंगारातून जे आत आलं, ते बरंचसं सळीत उतरतं. म्हणून धातू ओतण्याआधी रसायन कळलं तरच भट्टीवाल्यांना काही दुरुस्ती करता येते. नमुन्यात हवेची पोकळी राहिली किंवा घासलेला पृष्ठभाग सपाट नसला, तर आकडा चुकतो आणि निर्णयही चुकतो. म्हणजे तिने आठ दिवसांत नमुना कसा ओततात, कसा घासतात, एकाच नमुन्यावर दोन-तीन ठिकाणी ठिणगी देऊन आकडे का ताडून पाहतात, एवढंच वाचायचं. मशीन चालवणं तिथे गेल्यावर शिकवतील.

उत्तर आलं नाही तर? चार-पाच दिवस थांबा, मग एचआरला विचारा की साहेब मेल बघतात की व्हॉट्सअ‍ॅप. कारखान्यात दिवसभर शॉपवर फिरणारी माणसं मेल कमी बघतात. एचआरने नंबर दिला तरच वरचा प्रश्न दोन ओळींत पाठवा, तोही दिवसपाळीच्या वेळेत. त्यालाही उत्तर नसेल तर पुन्हा मागे लागू नका. तुमच्या यादीतलं जे तुम्हाला अजिबात येत नाही, ते वाचून जा.

आणि उत्तर "काही नको" असंच आलं तर? "ठीक आहे सर, मी स्पेक्ट्रोमीटरच्या नमुन्याबद्दल वाचून येते," एवढं कळवा. चूक वाटली तर ते सांगतील, बरोबर वाटलं तर गप्प राहतील. दोन्हीतून तुम्हाला हवं ते कळलं.

घरी गेल्यावर हे करून बघा: तुमच्या कामाच्या दोन बाजू कोणत्या आणि त्यातली कोणती तुम्हाला अजिबात येत नाही, ते एका ओळीत लिहा. ती ओळ जमली नाही, तर मेल अजून पाठवायची नाही. आधी नेमणूकपत्र आणि कामाचं वर्णन पुन्हा वाचा.