अंगातलं अडीच ग्रॅम लोखंड

हे वाक्य वाचून संपेपर्यंत तुमच्या हाडांच्या मगजात जवळजवळ एक कोटी नव्या तांबड्या पेशी तयार झालेल्या असतील. सेकंदाला साधारण वीस लाख, रात्रंदिवस. प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिनचे पंचवीस कोटींहून अधिक रेणू आणि प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू. श्वासातला प्राणवायू या अणूंना धरूनच पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचतो. आणि एवढा व्यवहार ज्या लोखंडावर चालतो, ते सगळं एकत्र केलं तर मध्यम चणीच्या बाईच्या अंगात भरतं सुमारे अडीच ग्रॅम. दोन इंची खिळ्याएवढं.

गावातल्या आरोग्य शिबिरात बायकांना ‘अंगात रक्त कमी’ होण्याबद्दल सांगायचं असेल, तर माझ्या मते पहिली स्लाइड हीच हवी. एक बाई उभी, तिच्या तळहातावर खरा खिळा, खाली तीनच शब्द: ‘एवढंच लोखंड अंगात’. टक्केवारी नको, पेशीचं भिंगातलं चित्र नको. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. तो आकडा ५४.२ टक्के होता. पण तो पडद्यावर दाखवण्यापेक्षा समोर बसलेल्या दहाजणींकडे हात करून ‘यातल्या पाचजणींचं तरी रक्त कमी निघेल’ असं म्हटलेलं लवकर पोहोचतं.

खिळा धरणारी बाई पूर्ण का, नुसता तळहात का नाही? चित्र पाहणं हेसुद्धा शिकावं लागतं, आणि आपण ते कधी शिकलो हे आपल्याला आठवत नाही. १९७०च्या दशकात डायना फसेल आणि आने हालांड यांनी नेपाळमध्ये युनिसेफसाठी खेड्यांतल्या लोकांना चित्रं दाखवून नुसतं विचारलं, काय दिसतं? शहरी डोळ्याला सोप्या वाटणाऱ्या रेघांच्या आकृत्या अनेकांना ओळखता आल्या नाहीत. मागचा पसारा कापून टाकलेला माणसाचा फोटो त्यांच्यापेक्षा चांगला ओळखला गेला. ओळीने मांडलेली चित्रं डावीकडून उजवीकडे वाचायची असतात, हेही सगळ्यांनी गृहीत धरलेलं नव्हतं. म्हणून बाण आणि फुल्या टाळाव्यात, एका स्लाइडवर एकच फोटो ठेवावा, आणि माणूस कापून नुसता अवयव दाखवू नये. डोळा दाखवायचा तर आधी पूर्ण चेहरा, मग त्याच बाईचा खालची पापणी ओढलेला फोटो.

ती पापणीची स्लाइड फार उपयोगाची आहे. पापणीच्या आतला भाग लालसर हवा. तो पांढुरका दिसला तर रक्त बरंच उतरलेलं असतं. शेजारणी लगेच एकमेकींच्या पापण्या बघू लागतात. मात्र सिस्टरनं तिथेच सांगायला हवं की पापणी लाल दिसली म्हणजे सुटलो, असं नाही. थोडी घट डोळ्यांना दिसतच नाही, त्यासाठी बोट टोचून एचबी पाहावं लागतं. गरोदर नसलेल्या बाईचं एचबी १२ हवं, गरोदर बाईचं ११. जिना चढताना धाप, छातीत धडधड, कामात लक्ष न लागणं ही लक्षणं बायका ‘कामाचा शीण’ म्हणून झटकून टाकतात. आणि माती, राख, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, ज्याला घरात डोहाळे म्हणून हसलं जातं, ते पुष्कळदा लोहाच्या तुटीचं लक्षण असतं. गोळ्या सुरू झाल्या की ही ओढ बहुधा ओसरते.

आता हा खिळा झिजतो कसा. शरीर लोखंडाच्या बाबतीत कमालीचं चिकट आहे. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हातारी झाली की मुख्यतः प्लीहेत ती मोडली जाते आणि तिच्यातलं लोह पुन्हा मगजाकडे पाठवलं जातं. रोज वीसेक मिलिग्रॅम लोह असं फिरतं. बाहेरून नवं घ्यावं लागतं ते फक्त एक-दीड मिलिग्रॅम. मुद्दाम बाहेर टाकण्याची सोयच शरीरानं ठेवलेली नाही. कातडी आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर दिवसाला एक मिलिग्रॅमच्या आतबाहेर जातं, तेवढंच. पुरुषाचा हिशेब इथे संपतो.

बाईचा संपत नाही, आणि तो दाखवायला चमचे पुरतात. स्लाइडवर चहाचे आठ चमचे मांडलेले, प्रत्येकात लाल रंगाचं पाणी. नेहमीच्या पाळीत साधारण एवढं, म्हणजे ४० मिलिलिटर रक्त जातं. एका चमच्यात सुमारे दोन मिलिग्रॅम लोह धरलं तर महिन्याला सोळा, म्हणजे दिवसाला अर्धा मिलिग्रॅम. आठाऐवजी सोळा चमचे जात असतील, गुठळ्या पडत असतील, तर ती पाळी जास्त आहे आणि त्यासाठी डॉक्टरांना दाखवायला हवं. खरं तर चमच्यांची स्लाइड पाहिल्यावरच पुष्कळ बायका पहिल्यांदा याबद्दल बोलतात, कारण ‘जास्त’ म्हणजे किती, हे त्यांना कुणी मोजून दाखवलेलं नसतं.

एका बाईचा हिशेब पूर्ण करून बघू. समजा तेवीस वर्षांची, कापूस वेचणीला जाणारी. भाकरी, वरण, भाजी खाऊन दिवसाला पंधरा मिलिग्रॅम लोह पोटात जातं, पण धान्य-डाळीतलं लोह आतडं फार कमी उचलतं. रक्तात पोहोचतं एखादा मिलिग्रॅम. खर्च दीड, जमा एक. वर्षाला १८० मिलिग्रॅमची तूट. अंगातला राखीव साठा भरलेला असला तरी तीनशेच्या आसपास. साठा आटू लागला की आतडं जास्त लोह उचलू लागतं, त्यामुळे तूट सरळ रेषेत वाढत नाही. पण काही वर्षांत डबा रिकामा होतोच. आणि डबा रिकामा झाल्यावरच एचबी उतरायला लागतं. तोवर तपासणीत सगळं ठीक दिसतं. अशा वेळी दिवस राहिले की संपूर्ण गरोदरपणासाठी लागतं सुमारे १,००० मिलिग्रॅम: बाळ आणि वारेसाठी तीनशे, आईचं रक्त वाढतं त्याला पाचशेच्या आसपास, उरलेलं नेहमीच्या खर्चाला. हजार कुठून आणायचे? चौथ्या महिन्यात उपकेंद्रावर तिचं एचबी निघतं ९.२.

इथे लाल गोळी येते. स्लाइडवर चित्र काढू नये. उपकेंद्रात मिळते तीच पट्टी, तोच रंग, फोटो काढून दाखवावा. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. दुसऱ्या घटकाची गोष्ट मला फार आवडते. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा जीवघेणा रक्तक्षय अभ्यासू लागली. यीस्टच्या स्वस्त अर्कानं त्या बऱ्या होतात, हे तिला आढळलं. त्या अर्कात काय आहे ते १९४०च्या दशकात कळलं: फॉलिक ॲसिड. जगभरच्या गरोदर बायका आज जी गोळी घेतात तिच्यात मुंबईच्या गिरणीकामगार बायकांचा असा वाटा आहे.

गरोदर बाईनं एरवी रोज एक गोळी १८० दिवस घ्यायची असते. आपल्या बाईचं एचबी ११ च्या खाली असल्यानं तिला रोज दोन, एचबी ११ होईपर्यंत. शिवाय दुसऱ्या तिमाहीत जंताची एक गोळी. महिन्याभरानं पुन्हा बोट टोचलं आणि १०.४ आलं, म्हणजे उपाय लागू पडला. वाढ एकपेक्षा कमी असेल तर आधी प्रेमानं विचारायचं, गोळ्या खरंच घेतल्या का? घेतल्या असूनही वाढ नसेल तर मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. कारण प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो. नंदुरबार-गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेल असू शकतो, आणि तो या गोळ्यांनी बरा होत नाही. एचबी ७ च्या खाली असेल तर वाट पाहायचीच नाही, त्याच दिवशी रुग्णालयात.

गोळ्या का टाकून दिल्या जातात, हे ज्यांनी शिबिरं घेतली त्यांना माहीत असतं. शौचाला काळं होतं. मळमळतं. बाई घाबरते, सासू म्हणते ‘उष्ण पडल्या’. यासाठी स्वतंत्र स्लाइड हवी आणि ती गोळीच्या स्लाइडनंतर लगेच हवी. बाईचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत ‘काळी शी होते, घाबरू नका’. न उचललेलं लोह बाहेर पडतं, एवढंच. मळमळलं तर रात्री जेवणानंतर गोळी घ्यावी.

त्यापुढची स्लाइड चहाची. जेवणाबरोबर कपभर चहा घेतला तर धान्यातलं निम्म्याहून अधिक लोह आतड्याला उचलता येत नाही. तोच पदार्थ लिंबू पिळून खाल्ला, किंवा पेरू, आवळा तोंडी लावला, तर जास्त उचललं जातं. म्हणून चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर घ्यावा. कॅल्शियमची गोळीही लाल गोळीबरोबर घ्यायची नाही, मध्ये किमान दोन तास हवेत.

एक विनंती चित्र निवडणाऱ्यांना. रक्तक्षयाच्या जवळजवळ प्रत्येक पोस्टरवर बीट आणि डाळिंब असतं, कारण ती लाल दिसतात. लोह त्यांच्यात फारच थोडं आहे. बाजरी, हरभरा, तीळ, हळीव आणि हिरव्या पालेभाज्या त्यांच्या पुढे आहेत. मांसाहारी घरात कलेजी आणि मटण, कारण त्यांतलं लोह आतडं सहज उचलतं. लाल रंग पाहून रक्त वाढेल असं समजणाऱ्या बाईचे चार पैसे बाजारात बिटावर जातात, म्हणून ती चित्रं काढून टाका.

आणि शिबिराच्या आधी या स्लाइड त्या गावातल्या चार-पाच बायकांना एकेकट्या दाखवा. ‘समजलं का’ असं विचारू नका, त्याला उत्तर नेहमी ‘हो’ येतं. ‘यात काय दिसतं’ एवढंच विचारा, आणि त्या खिळ्याला चमचा म्हणाल्या तर फोटो बदला. शेवटच्या स्लाइडवर पुढच्या तपासणीची तारीख आणि आशाताईचा फोटो ठेवा.