चिंचोक्यांनी सांगितलेलं

नळपाणी योजनेबद्दल बायकांचं म्हणणं ऐकायला आम्ही एका गावात गटचर्चा ठेवली. आठ जणींना बोलावलं, आल्या चौदा. परत कुणाला पाठवायचं? सगळ्यांना बसवून घेतलं. रात्री रेकॉर्डिंग ऐकलं, तर बचत गटाच्या अध्यक्षबाई बोलतायत, दोघी ‘हो ना’ म्हणतायत आणि बाकीच्यांच्या नुसत्या बांगड्या वाजतायत.

चूक आमचीच होती. दीड तासातून ओळखपाळख, चहा आणि आमचे प्रश्न वजा केले की तासभर उरतो. सहा जणी असल्या तर प्रत्येकीला दहा मिनिटं मिळतात, चौदा असल्या तर चारच, आणि तीही समान वाटली जात नाहीत. म्हणून गट सहा ते आठांचा बरा. चारच जणी असल्या आणि त्यातल्या दोघी लाजल्या, तर चर्चेची मुलाखत होते. दहाच्या पुढे गेलं की कोपऱ्यात वेगळ्या गप्पा सुरू होतात. गट कुणाचा, हेही तितकंच पाहावं लागतं. सासूसमोर सून पाण्याबद्दल तक्रार करत नाही, कारण ती तक्रार घरावर जाते.

दुसऱ्या खेपेला आम्ही सुनांचा आणि वडीलधाऱ्यांचा असे दोन गट केले. अध्यक्षबाई दुसऱ्या गटात होत्या. त्यांना मी मुद्दाम माझ्या शेजारी बसवलं. समोर बसणाऱ्याशी सारखी नजरानजर होते आणि त्याला बोलायला बळ मिळतं. ती समोरची जागा वरच्या आळीतल्या अबोल आजींना दिली.

“पाणी रोज येतं, काही अडचण नाही,” अध्यक्षबाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. अशा वेळी वाद घालायचा नाही आणि गप्पही करायचं नाही. दुखावलेल्या माणसामुळे सगळा गट अवघडतो. “ताई, हे लिहून घेतलं. कुणाचा वेगळा अनुभव आहे का?” एवढं विचारून मी थांबले. ती शांतता सोसवत नाही, पण मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही.

तरी कुणी बोलेना. मग प्रत्येकीला मूठभर चिंचोके दिले. “पाणी किती दिवसांनी येतं, तितके चिंचोके मुठीत घ्या. मी सांगितलं की सगळ्यांनी एकदमच खाली ठेवा.” एकदम ठेवल्यामुळे दुसरीचं पाहून उत्तर बदलता येत नाही. अध्यक्षबाईंपुढे एक चिंचोका होता. आजींपुढे चार, त्यांच्या शेजारणीपुढेही चार.

या चिंचोक्यांवरून गावातल्या किती टक्के घरांना पाणी मिळत नाही, हे काढता येत नाही. सात जणी म्हणजे गाव नव्हे. पण पुढचा प्रश्न त्यांनी हातात दिला: “आजी, चार का?” आजी पहिल्यांदा सलग बोलल्या. टाकी खालच्या आळीत आहे, वर पाणी चढेपर्यंत वीज जाते, मग तीन दिवस हंडे विहिरीवरूनच.

अध्यक्षबाई त्या चार चिंचोक्यांकडे बघत होत्या. त्यांचं घर टाकीला लागूनच आहे. “वर येत नाही, हे मला कुणी सांगितलंच नाही की,” त्या म्हणाल्या, आणि पुढचा प्रश्न आजींना त्यांनीच विचारला.