टबातला आकडा आणि कुर्त्याची लेस

नव्या कुर्त्याच्या डाव्या शिवणीत एक बोटभर पट्टी असते: पाण्याचा टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री, वर्तुळ. घालणारा ती न वाचताच कापून टाकतो आणि बनवणारा बऱ्याचदा दुसऱ्याच्या लेबलावरून उतरवून घेतो. पण पहिल्या धुण्यात कुर्ता बिघडला की दोघेही त्याच पट्टीकडे बोट दाखवतात. म्हणून छोट्या कारखान्यातली एक नवी लाइन समोर ठेवून या पट्टीबद्दलचे गैरसमज तपासू. अंग निळीत रंगवलेल्या सुती कापडाचं, गळ्याला पांढरी पायपिंग, बाहीला लेस, कॉलरपट्टीत फ्यूजिंग, नारळाच्या करवंटीची बटणं.

गैरसमज: टबात 40 लिहिलंय, म्हणजे 40 अंशांच्या पाण्यातच धुवायचं.

वस्तुस्थिती: तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. 40 लिहिलेला कपडा नळाच्या साध्या पाण्यात धुतला तर काही बिघडत नाही, 60 अंशांत धुतला तर जबाबदारी आपली. ही चिन्हं आयएसओ 3758 या मानकात दिली आहेत आणि त्यांतलं प्रत्येक चिन्ह कपडा जास्तीत जास्त काय सोसेल एवढंच सांगतं. टबाखालची आडवी रेघ पाण्याच्या तापमानाबद्दल नसून घुसळण्याबद्दल असते. एक रेघ म्हणजे मशीन हळू फिरवा, दोन रेघा म्हणजे आणखी हळू. टबात हात असेल तर मशीन नको, फक्त हाताने धुवा.

आपल्याकडे पाणी तापवून कपडे धुणारे थोडेच. कपड्याची खरी परीक्षा होते ती ब्रशने घासताना आणि धोपटताना. त्यासाठी चिन्हच नाही. ‘ब्रशने घासू नका’, ‘वेगळे धुवा’, ‘उलटा करून धुवा’ हे शब्दांतच छापावं लागतं.

गैरसमज: सुती कापड गरम पाण्यानेच आटतं. थंड पाणी सांगितलं की झालं.

वस्तुस्थिती: मागावर आणि नंतर प्रोसेसिंगमध्ये कापड ताणलेलं असतं. पाण्यात भिजलं की तो ताण सुटतो आणि कापड मूळ मापाकडे परततं. हे थंड पाण्यातही होतं. उष्णता आणि घुसळण आटणं वाढवतात, पण त्याची सुरुवात साध्या भिजण्यानेच होते.

म्हणून लेबल ठरवण्याआधी कापडाच्या ताग्यातून मोठा तुकडा कापायचा आणि त्यावर न पुसणाऱ्या पेनाने उभ्या व आडव्या धाग्यात 50-50 सेंटिमीटरवर खुणा करायच्या. जे धुणं छापायचं ठरतंय, त्याच पद्धतीने तो तीनदा धुऊन वाळवायचा आणि पुन्हा मोजायचा. समजा उभ्या खुणांमधलं अंतर 48.2 सेंटिमीटर भरलं. 1.8 सेंटिमीटर गेले, म्हणजे 3.6 टक्के. 110 सेंटिमीटर लांबीचा कुर्ता जवळपास 4 सेंटिमीटर आखूड होणार. यावर लेबल हे औषध नव्हे. कापड कापण्याआधीच आटवून घ्यायचं, नाहीतर पॅटर्नमध्ये तेवढी वाढ द्यायची.

गैरसमज: कापड शंभर टक्के सुती, म्हणजे इस्त्रीवर तीन ठिपके छापायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: लेबल कापडाचं नसतं, पूर्ण शिवलेल्या कपड्याचं असतं. त्यात जो भाग सर्वांत नाजूक, तोच मर्यादा ठरवतो. इस्त्रीतला एक ठिपका म्हणजे साधारण 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. निळीचं सुती कापड तीन ठिपके सहज सोसेल. पण लेसचं काय?

दुकानदार लेस ‘कॉटन’ म्हणून देतो. तिचा एक धागा चिमट्यात धरून पेटवायचा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख बोटांत चुरडली जाते. धागा आक्रसून वितळला आणि टोकाला कडक मणी उरला, तर ती सिंथेटिक आहे. आपल्या लेसला असा मणी आला. ती नायलॉनची निघाली तर एकच ठिपका, पॉलिएस्टरची निघाली तर फार तर दोन. आणि एका ठिपक्यावर सुती कुर्त्याची सुरकुती जात नाही. गिऱ्हाईक इस्त्री तापवणार, लेस चकाकून आक्रसणार आणि दोष कुर्त्याला लागणार.

इथे दोन वाटा आहेत: चिन्ह बदला, नाहीतर लेस बदला. दुसरी वाट शहाणपणाची. लेस खरोखर सुती घेतली की सर्वांत नाजूक भाग उरतो तो कॉलरपट्टीतलं फ्यूजिंग. ते गोंदाने चिकटवलेलं असतं आणि जास्त उष्णतेने गोंद पुन्हा मऊ पडतो. म्हणून तयार कॉलरवर दोन ठिपक्यांच्या तापमानाची इस्त्री फिरवून बघायची. फुगे आले नाहीत, तर दोन ठिपके छापायचे.

गैरसमज: शंका असली की ‘फक्त ड्रायक्लीन’ छापावं. ते सर्वांत सुरक्षित.

वस्तुस्थिती: ड्रायक्लीनिंगमध्ये पाणी नसलं तरी द्रावक असतो आणि त्यालाही न मानवणाऱ्या वस्तू आहेत. वर्तुळातला P म्हणजे परक्लोरोइथिलीनसारखा द्रावक चालेल, F म्हणजे फक्त सौम्य हायड्रोकार्बन द्रावक. काही प्लॅस्टिकची बटणं आणि टिकल्या परक्लोरोइथिलीनमध्ये विरघळतात. शिवाय रोज घालायच्या सुती कुर्त्याला ड्रायक्लीन सांगितलं, तर गिऱ्हाईक ते पाळत नाही. अमेरिकेत 1971 सालापासूनच्या नियमाप्रमाणे छापलेल्या प्रत्येक सूचनेला उत्पादकाकडे ठोस आधार लागतो. तिथे माल पाठवायचा असेल तर अंदाजाचं लेबल चालणार नाही.

गैरसमज: त्रिकोण म्हणजे धोक्याची खूण.

वस्तुस्थिती: त्रिकोण ब्लीचबद्दल आहे. रिकामा असेल तर कोणतंही ब्लीच चालेल, आत दोन तिरक्या रेघा असतील तर फक्त ऑक्सिजनवालं, फुली असेल तर कोणतंच नाही. निळीचा रंग क्लोरीनने उडतो, पण पांढरी पायपिंग उजळवायचा मोह कुणालाही होईल. म्हणून इथे फुलीच. पायपिंगला निळा रंग लागतो का, हे पाहायला निळ्या कापडाच्या तुकड्याला पांढरा सुती तुकडा टाचून एकदा धुवायचं. तसंच ओल्या पांढऱ्या फडक्याने निळं कापड दहा वेळा घासायचं. निळीचा बराच रंग धाग्याच्या बाहेरच्या थरात बसलेला असतो, त्यामुळे धुण्यात टिकलेलं कापडही घासताना रंग सोडू शकतं.

या सगळ्यातून आपल्या कुर्त्याचं लेबल असं निघतं. चिन्हांचा क्रम ठरलेला आहे: धुणं, ब्लीच, वाळवणं, इस्त्री, व्यावसायिक सफाई. 30 आकड्याचा टब, खाली एक रेघ. फुलीचा त्रिकोण. ड्रायरच्या, म्हणजे वर्तुळ असलेल्या चौकोनावर फुली. शेजारी दोरीवर, सावलीत वाळवण्याचा चौकोन, त्यात उभी रेघ आणि कोपऱ्यात तिरकी रेघ. दोन ठिपक्यांची इस्त्री. ड्रायक्लीन करून पाहिलेलंच नाही, म्हणून वर्तुळावर फुली. खाली शब्दांत: ‘गडद कपड्यांबरोबर किंवा वेगळे धुवा. ब्रशने घासू नका. उलटा करून इस्त्री करा.’

आता हे लेबल लावलेला एक पूर्ण कुर्ता त्यातल्या सूचनांप्रमाणे पाच वेळा धुवायचा, वाळवायचा, इस्त्री करायचा. शेवटी पाहायचं की पट्टीवरची शाई वाचता येते का. ती पुसली गेली असेल, तर आधी लेबल छापणारा बदलायचा.