एका रेषेच्या वर आणि खाली

मूळव्याध ही बाहेरून येऊन चिकटलेली गाठ आहे, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ज्या मांसाला आपण कोंब म्हणतो, ते जन्मापासून प्रत्येकाच्या शरीरात असतं आणि अतिशय नाजूक काम करत असतं. गुदमार्गाच्या आत, तोंडापासून थोडं वर, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या तीन मऊ गाद्या असतात, एक डावीकडे आणि दोन उजवीकडे. गुदद्वार आवळून धरणारा स्नायू कितीही घट्ट झाला तरी मधे बारीकशी फट उरतेच, आणि ती फट या गाद्या नळातल्या वॉशरसारख्या बुजवतात. आपण खोकलो की त्यांच्यात क्षणात रक्त भरतं, त्या फुगतात आणि वायूसुद्धा निसटत नाही. शौचाच्या वेळी त्या थोड्या खाली सरकतात, ओसरतात आणि काम झालं की परत जागेवर जातात. विश्रांतीच्या वेळी गुदमार्ग बंद ठेवणाऱ्या दाबाचा १५ ते २० टक्के वाटा या गाद्यांचा असतो.

त्यांना परत वर ओढून घेतात ते बारीक स्नायूतंतू आणि चिवट धागे, जे गादीला खालच्या भिंतीशी बांधून ठेवतात. वयाबरोबर हे धागे विरळ होतात, ताणले जातात, तुटतात. मग गादी खाली सरकते ती सरकलेलीच राहते. तिथे रक्त साचतं, वरची नाजूक त्वचा घासली जाते आणि लालभडक रक्त ठिबकतं. १९७५ साली डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन या ब्रिटिश शल्यविशारदाने ही मांडणी सविस्तर केली. त्याआधी मूळव्याध म्हणजे फुगलेल्या नीला, एवढीच समजूत रूढ होती.

कुंथण्याचं महत्त्व इथे कळतं. कुंथताना आपण श्वास रोखतो आणि पोटातला दाब वाढवतो. त्या दाबामुळे गाद्यांमधलं रक्त वर परतू शकत नाही, त्या टम्म फुगतात. नेमक्या त्याच वेळी आवळणारा स्नायू सैल सोडलेला असतो, म्हणजे गाद्यांना खालून आधारही नसतो. वरून कडक मळ त्यांना ढकलत असतो. सगळा भार त्या बारीक धाग्यांवर येतो. एखाद्या वेळी असं झालं तर धागे सावरतात, पण वर्षानुवर्षं रोज सकाळी दहा मिनिटं कुंथलं तर सावरत नाहीत.

याहून क्रूर गोष्ट पुढची आहे. खाली उतरलेली, फुगलेली गादी मार्गात अडकून बसते आणि मेंदूला वाटतं की मळ अजून शिल्लक आहे. ‘पोट साफ झालं नाही’ म्हणून माणूस पुन्हा कुंथतो. बाहेर काहीच येत नाही, कारण तिथे मळ नसतोच, स्वतःची गादीच असते. प्रत्येक प्रयत्नाने ती आणखी खाली येते. म्हणूनच बद्धकोष्ठ बरं झाल्यावरही कुंथायची सवय मोडणं, कळ आली की जाणं आणि झालं की उठणं, हा खरा उपचार आहे. भाकरी, उसळी, भाज्या, भरपूर पाण्याबरोबर इसबगोल यांचा उपयोग ठोस आहे. तंतुमय पूरक देऊन केलेल्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात रक्त जाण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलेलं दिसलं.

गादी किती सरकली, यावर प्रत ठरते. ही पद्धत ब्रिटिश शल्यविशारद जॉन गोलायर यांच्या नावाने ओळखली जाते. पहिल्या प्रतीत गादी आतच असते, फक्त रक्त जातं. दुसरीत कुंथल्यावर बाहेर येते, पण आपोआप आत जाते. तिसरीत बोटाने ढकलावी लागते. चौथीत ढकलूनही जात नाही. तपासणीच्या टेबलावर आडवं झाल्यावर गादी पुष्कळदा आतच असते, म्हणून डॉक्टरांचा सगळ्यात मोलाचा प्रश्न साधा असतो: ‘आपोआप आत जातं, की ढकलावं लागतं?’ संकोचाने इथे खोटं उत्तर दिलं, तर प्रतच चुकते. शिवाय ही प्रत फक्त सरकणं मोजते, रक्त मोजत नाही. पहिल्या प्रतीतही महिनोन्‌महिने रक्त जाऊन माणूस पांढराफटक पडू शकतो.

आता या सगळ्या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. गुदमार्गात, कडेपासून सुमारे दोन सेंटिमीटर आत, एक नागमोडी दंतुर रेषा असते. तिच्या वरचा भाग आतड्याचा वारस, खालचा भाग कातडीचा. वरच्या भागाला ताण कळतो, पण कापल्याची, टोचल्याची वेदना कळत नाही. खालचा भाग बोटाच्या टोकाइतका हळवा असतो. आतली मूळव्याध रेषेच्या वर असते, म्हणून तिच्यातून रक्त जाताना बहुतेक वेळा दुखत नाही. शौचाच्या वेळी काचेने चिरल्यासारखं दुखत असेल, तर बहुधा ती रेषेखालची चीर, म्हणजे फिशर असते.

गादीला रबरी बँड बांधण्याच्या उपचाराचा, म्हणजे बँडिंगचा, सगळा डोलारा या रेषेवर उभा आहे. समजा, पंचेचाळिशीचे एक बसचालक आहेत. वर्षभर रक्त जातंय, कोंब बाहेर येतो, बोटाने आत ढकलावा लागतो. म्हणजे तिसरी प्रत. वय आणि रक्तस्राव पाहून डॉक्टर आधी हिमोग्लोबिन तपासतात आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी सुचवतात, कारण मूळव्याध दिसली म्हणून रक्त तिचंच असेल असं धरून चालत नाही. ती तपासणी स्वच्छ आल्यावर बँडिंग ठरतं.

डाव्या कुशीवर झोपवून प्रॉक्टोस्कोपची नळी आत सरकवतात. रेषेच्या किमान एक सेंटिमीटर वरची गादी चिमट्याने किंवा हवेच्या ओढीने पकडतात आणि ‘टोचतंय का?’ असं विचारतात. ‘हो’ म्हणाल्यास जागा वर सरकवतात. मग मुळाशी इवलासा रबरी बँड सोडतात. भूल लागत नाही. बांधलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि पाच ते दहा दिवसांत तो गळून पडतो. खरं काम त्यानंतर होतं. तिथे झालेला व्रण भरताना कठीण होतो आणि उरलेल्या गादीला भिंतीशी नव्याने बांधतो. तुटलेल्या धाग्यांची जागा व्रण घेतो.

बँड रेषेच्या फार जवळ पडला, तर लगेच तीव्र वेदना होते आणि तो काढावा लागतो. आठवड्याभराने गाठ गळताना थोडं रक्त जाऊ शकतं, म्हणून रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगायलाच हवं. ताप, वाढती वेदना आणि लघवी अडकणं ही तिन्ही मिळून आली, तर तो दुर्मीळ पण जीवघेणा संसर्ग असू शकतो. तेव्हा त्याच रात्री रुग्णालय गाठावं.

शस्त्रक्रियेत मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ साली लंडनमध्ये मांडलेली पद्धत आजही चालते. भूल देऊन तिन्ही गाद्या मुळासकट कापतात, जखमा उघड्या ठेवतात. दोन जखमांमध्ये अखंड त्वचेचा पट्टा मुद्दाम राखतात, नाहीतर भरताना मार्ग आकसतो. ही जखम रेषा ओलांडून हळव्या कातडीत जाते. म्हणून पहिलं शौच फार दुखतं, कामावर परतायला दोन-तीन आठवडे लागतात आणि जखम पूर्ण भरायला महिना-दीड महिना. पण तिसऱ्या प्रतीत मूळव्याध परत येण्याचं प्रमाण या शस्त्रक्रियेनंतर बँडिंगपेक्षा स्पष्ट कमी आहे. दुसऱ्या प्रतीत मात्र तुलनेच्या चाचण्यांत असा ठळक फायदा दिसला नाही.

ब्रिटनमधल्या हबल चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तिथे बँडिंगची तुलना रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेशी केली होती. वर्षभरानंतर एकदाच बँड केलेल्यांपैकी ४९ टक्क्यांना त्रास परत झाला होता, शस्त्रक्रियेच्या गटात ३० टक्क्यांना. पण गरज पडली तर दुसरं बँडिंग हे त्याच उपचाराचा भाग धरल्यावर फरक बराच कमी झाला.

म्हणून आपल्या बसचालकांना डॉक्टर आधी बँडिंगच सुचवतील, दोन-तीन बैठका, मधे चार ते सहा आठवड्यांचं अंतर. तिसऱ्या बैठकीनंतरही कोंब ढकलावा लागत असेल, किंवा बाहेरचा भाग मोठा असून तो रेषेखाली येत असल्याने तिथे बँड बसवता येत नसेल, तर मात्र शस्त्रक्रियाच करावी लागेल.