बलरेषांवरचा बाण कोणी काढला?

पट्टीचुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरला आणि हलकेच टिचकी मारली की बलरेषांची आकृती उमटते. मुले ती वहीत उतरवून घेतात आणि पुस्तकात आहेत म्हणून रेषांवर बाणही काढतात. पण किसात बाण कुठे असतो? किसाचा प्रत्येक कण रेषेच्या बाजूने आडवा होतो, इतकेच. त्याचे कोणते टोक पुढे आणि कोणते मागे, हे तो सांगत नाही. चुंबक उलटा करून ठेवला तरी कीस तीच आकृती दाखवील.

बाण मिळतो तो चुंबकसूचीकडून. सूचीचे उत्तर टोक ज्या बाजूला वळते, ती त्या बिंदूपाशी क्षेत्राची दिशा, असे आपण ठरवले आहे. म्हणूनच चुंबकाच्या बाहेर बाण उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जातात. रेषा ध्रुवापाशी संपत मात्र नाही. ती चुंबकाच्या आतून दक्षिण ध्रुवाकडून उत्तर ध्रुवाकडे येऊन पूर्ण होते.

आता तारेकडे वळू. आडव्या पुठ्ठ्यातून उभी तार जाते आहे आणि विद्युतधारा खालून वर वाहते आहे. 'क्षेत्राची दिशा सांगा' म्हटले की वर्गातून उत्तर येते, 'घड्याळाच्या काट्यांच्या उलट.' हे उत्तर अर्धेच आहे. वरून पाहिले तर ते बरोबर, पण पुठ्ठ्याखालून पाहणाऱ्याला तेच वर्तुळ काट्यांच्या दिशेने जाताना दिसेल. 'वरून पाहिले असता' हे शब्द उत्तरात हवेतच. त्याहून बरे म्हणजे दिशांची नावे घ्यावीत. उजव्या हाताचा अंगठा वर करून बोटे तारेभोवती गुंडाळा. तारेच्या पूर्वेला असलेल्या बिंदूपाशी बोटे उत्तरेकडे जातात, उत्तरेच्या बिंदूपाशी पश्चिमेकडे, पश्चिमेच्या बिंदूपाशी दक्षिणेकडे आणि दक्षिणेच्या बिंदूपाशी पूर्वेकडे. असे सांगितले की आकृती न काढताही संदिग्धता उरत नाही.

हे पडताळायला गेले की मात्र गंमत होते. एकच तार घेऊन तिच्यातून 1 अँपिअर धारा सोडली आणि 2 सेंटिमीटरवर चुंबकसूची ठेवली, तर उत्तरेला आणि दक्षिणेला ती जेमतेम 15 अंश वळते. पूर्वेला आणि पश्चिमेला तर ती हलतच नाही! पुस्तकातले वर्तुळ खोटे म्हणायचे का?

नाही. सूची केवळ तारेचे ऐकत नाही, ती पृथ्वीचेही ऐकते. महाराष्ट्रात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 38 मायक्रोटेस्ला असतो आणि तो उत्तरेकडे असतो. आपल्या तारेचे क्षेत्र त्या अंतरावर फक्त 10 मायक्रोटेस्ला. पूर्वेच्या बिंदूपाशी दोन्ही क्षेत्रे उत्तरेकडेच असल्याने बेरीज 48 होते, पण दिशा तीच राहते. पश्चिमेला 38 मधून 10 वजा झाले तरी 28 उत्तरेकडेच उरतात. म्हणून सूची दोन्हीकडे जागची हलत नाही.

यावर उपाय सोपा आहे. सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची, इनॅमलचा थर असलेली तांब्याची तार घेऊन 30 सेंटिमीटर बाजूच्या चौकटीवर 10 वेढे घ्या. चौकटीची एक उभी बाजू पुठ्ठ्याच्या भोकातून जाऊ द्या. तारेची टोके जोडण्यापूर्वी त्यांवरचे इनॅमल खरवडून काढायला विसरू नये. प्रयोग फसण्याचे ते नेहमीचे कारण आहे. टॉर्चच्या एका ताज्या घटातून साधारण 1 अँपिअर धारा मिळते. ती तीन-चार सेकंदच जोडावी, नाहीतर घट लवकर उतरतो. दहाही वेढ्यांतील धारा भोकातून एकाच दिशेने जाते, त्यामुळे 2 सेंटिमीटरवर क्षेत्र सुमारे 100 मायक्रोटेस्ला होते.

धारा वर जाईल असा घट जोडून पाहा. उत्तरेकडील सूची सुमारे 70 अंश पश्चिमेकडे वळेल, दक्षिणेकडील तितकीच पूर्वेकडे. पश्चिमेकडे आता 100 मधून 38 वजा होऊन 62 दक्षिणेकडे उरतात, म्हणून तिथली सूची पुरती उलटी फिरेल. ती अडलीच तर पुठ्ठ्याला टिचकी मारावी. पूर्वेची सूची अजूनही स्तब्धच असेल. तिच्यापाशी क्षेत्र आहे की नाही, अशी शंका कोणी विद्यार्थी हमखास काढतो. तेव्हा घटाची टोके अदलाबदल करा. धारा खाली वाहू लागताच पूर्वेची सूची दक्षिणेकडे फिरते आणि पश्चिमेची मात्र उत्तरेकडे परत येऊन थांबते.