तोडलेल्या झाडाचे वय बुंध्याच्या फोटोवरून कसे कळते? कुजलेला गाभा कुठे फसवतो?

शनिवार पेठेसारख्या दाट वस्तीत वाड्याच्या आवारातले एखादे जुने झाड तोडले जाते आणि मागे उरतो जमिनीलगतचा बुंधा. कोणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो आणि लगेच दोन प्रश्न सुरू होतात. झाड किती वर्षांचे होते? आणि ते खरेच आतून पोखरले होते का?

पहिल्या प्रश्नाला कायद्यातही वजन आहे. महाराष्ट्राच्या शहरी भागातील वृक्षसंरक्षण कायदा १९७५चा. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ५० वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला 'हेरिटेज वृक्ष' म्हटले गेले. झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूदही आली. म्हणजे वय दहा वर्षांनी कमी धरले, तर दहा झाडे कमी लावली जातात.

आधी झाड कोणते, ते पाहा

वलये मोजण्याआधी झाडाची जात माहीत हवी. साग उन्हाळ्यात पाने गाळतो आणि त्याची वाढ थांबते. पावसाळ्याच्या सुमारास वाढ पुन्हा सुरू होते, तेव्हा लाकडात मोठ्या छिद्रांची एक रांग तयार होते. ही रांग नुसत्या डोळ्यांनीही दिसते आणि ती साधारणपणे वर्षाला एकच असते. पुण्यातील पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी केरळमधील सागाच्या अशाच वलयांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका तयार केली. जुन्या काळातील कमी पावसाची वर्षे त्यांनी त्यातून शोधली.

वड, पिंपळ आणि उंबर यांचे मात्र तसे नाही. त्यांच्या बुंध्यावरही गोल पट्टे दिसतात, पण ते मऊ पेशींचे थर असतात आणि एका वर्षात असे अनेक थर बनू शकतात. पिंपळाच्या फोटोवरचे पट्टे मोजून 'झाड दोनशे वर्षांचे' असे कोणी सांगत असेल, तर त्या आकड्याला आधार नाही.

फोटो कसा हवा?

मोबाइल बुंध्याच्या बरोबर वर आणि कापलेल्या पृष्ठभागाला समांतर धरावा. तिरक्या फोटोत एका बाजूची वलये दाटलेली दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवावी. यांत्रिक करवतीच्या खुणा बारीक वलये झाकून टाकतात, म्हणून मध्यापासून सालीपर्यंतची एक पट्टी पॉलिश पेपरने घासून थोडी ओली करावी. ओल्या लाकडावर वलये उठून दिसतात. अशा किमान दोन पट्ट्या वेगवेगळ्या दिशांना हव्यात.

एक उदाहरण करून पाहू

समजा, सागाच्या एका बुंध्याची सरासरी त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे. मध्यभागी ९ सेंटिमीटर त्रिज्येचा गाभा कुजून काळा भुगा झाला आहे. त्याभोवतीच्या २१ सेंटिमीटर शाबूत लाकडात एका पट्टीवर ४२ वलये मोजता येतात, तर दुसरीवर ४४.

हा दोनचा फरक का पडतो? पावसाळ्यात मध्येच मोठा खंड पडला, तर एकाच वर्षात दोन वलये उमटल्यासारखी दिसतात. असे खोटे वलय बहुधा पुसट असते आणि पूर्ण फेरी न मारता मध्येच विरते. उलट, वाढ फार कमी झाल्यास एखाद्या बाजूला वलय उमटतच नाही. म्हणून ठळक वलय एका पट्टीपासून दुसरीपर्यंत बोटाने माग काढत न्यावे. तरीही शंका उरली, तर दोन्ही आकडे धरावेत.

आता कुजलेला भाग. तिथली वलये नष्ट झाली आहेत, पण ती कधीकाळी होती. त्यामुळे ४२ किंवा ४४ हे झाडाचे वय नाही. ९ सेंटिमीटरला वलयाच्या जाडीने भागून उरलेली वर्षे काढावी लागतात. पण जाडी कोणती धरायची? इथे चूक होते. समजा, सालीजवळच्या दहा वलयांची सरासरी जाडी ३ मिलिमीटर आहे. तीच धरली, तर कुजलेल्या भागात ३० वर्षे निघतात. मात्र झाड तरुणपणी वेगाने जाड होते, त्यामुळे आतली वलये रुंद असतात. म्हणून पोकळीला लागून असलेली शाबूत वलये पाहावीत. ती ७ मिलिमीटर भरली, तर १३ वर्षे होतात. अगदी सुरुवातीची वाढ आणखी वेगवान, म्हणजे १० मिलिमीटर धरली, तर ९ वर्षे.

म्हणजे कमीत कमी ४२ अधिक ९ आणि जास्तीत जास्त ४४ अधिक १३, असे ५१ ते ५७. रोप बुंध्याच्या उंचीपर्यंत वाढायला एक-दोन वर्षे लागतात, ती मिळवली की ५२ ते ५९ वर्षे. दिसणारी वलये मोजून थांबले असते, तर हे झाड पन्नाशीच्या आत राहिले असते. कुजलेला गाभा हिशेबात धरल्यावर ते 'हेरिटेज' ठरते.

मग ते धोकादायक होते का?

काळा गाभा दिसला की 'झाड पडणारच होते' असे म्हटले जाते. पण गाभ्याचे लाकूड मृत पेशींचे असते. पाणी वाहून नेणारे जिवंत लाकूड सालीलगत असते, म्हणूनच ढोली असलेले झाडही हिरवेगार राहते.

मजबुतीचा हिशेब नळीसारखा आहे. पोकळीच्या व्यासाला खोडाच्या व्यासाने भागून आलेल्या संख्येचा चौथा घात घेतला, की वाकण्याला होणारा विरोध किती घटला ते कळते. आपल्या उदाहरणात हा भागाकार ०.३ आहे, म्हणून घट एक टक्क्याहूनही कमी. पोकळी २१ सेंटिमीटर त्रिज्येची असती, तर घट २४ टक्के झाली असती. शाबूत भिंत त्रिज्येच्या सुमारे ३० टक्क्यांहून पातळ झाली की धोका वाढतो, असा वृक्षतज्ज्ञांचा ढोबळ निकष आहे. इथे भिंत ७० टक्के आहे. नुसत्या या पोकळीवरून झाडाला धोकादायक म्हणता येणार नाही.

अर्थात हे गणित पोकळी मध्यभागी आणि भिंत अखंड असेल तरच लागू होते. पोकळी एका बाजूला उघडी असेल, भिंतीला उभी चीर असेल किंवा मुळे कुजली असतील, तर झाड याआधीच पडू शकते. काँक्रीट करताना तोडलेली मुळे बुंध्याच्या फोटोत दिसत नाहीत.

फोटोची मर्यादा

गडद रंग म्हणजे कुजणे नव्हे, सागाचा निरोगी गाभाही तपकिरी असतो. खात्रीसाठी स्क्रूड्रायव्हर दाबून पाहावा. तो सहज आत गेला, तरच लाकूड कुजलेले. फोटोची तारीखही महत्त्वाची. झाड तोडल्यानंतर बुंधा उघड्यावर कुजू लागतो आणि सालीलगतचे फिकट लाकूड आधी जाते. दोन पावसाळ्यांनंतर काढलेला फोटो झाड उभे असतानाच्या तब्येतीबद्दल फारसे सांगत नाही. झाड तोडले त्याच दिवशी बुंध्याचा आणि खोडाच्या वरच्या ओंडक्यांच्या टोकांचा फोटो काढला, तर कूज किती उंच चढली होती तेही कळते. ओंडके ट्रकमध्ये गेले की ही माहितीही त्यांच्यासोबत जाते.