वॉरंटी कुणाची, कुणासाठी?

एसएसएल प्रमाणपत्र विकणाऱ्यांचं दरपत्रक उघडलं की एका टोकाला फुकटचं प्रमाणपत्र दिसतं आणि दुसऱ्या टोकाला वर्षाला कित्येक हजार रुपयांचं. मात्र ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला मजकूर तिसऱ्याला वाचता येऊ नये, हे काम दोन्ही सारखंच करतात. मग जास्तीचे पैसे कशाचे?

पहिला फरक नावांचा. समजा, पुण्यातल्या एका प्रकाशनाची साइट example.com या नावाची आहे. सिंगल डोमेन प्रमाणपत्रात हे एक नाव आणि बहुधा www लावलेलं त्याचं रूप, एवढंच येतं. पुढे shop.example.com वर पुस्तकविक्री आणि ank.example.com वर दिवाळी अंक सुरू झाला, की विक्रेता वाइल्डकार्ड सुचवतो, म्हणजे *.example.com. यातला तारा एकाच पायरीपुरता चालतो. दुकानाची चाचणी test.shop.example.com वर ठेवली, तर ब्राउझर NET::ERR_CERT_COMMON_NAME_INVALID म्हणत अडवतो.

खरी अडचण वेगळीच असते. दुकान एका कंपनीच्या सर्व्हरवर आणि अंक दुसऱ्याच्या, अशी विभागणी असेल आणि दोन्हीकडे तेच वाइल्डकार्ड बसवलं, तर त्याची गुप्त किल्लीही दोन्हीकडे जाते. एकीकडून ती चोरीला गेली की सगळी नावं धोक्यात. मोजकी नावं असतील तर प्रत्येकासाठी वेगळं प्रमाणपत्र घेणं मला शहाणपणाचं वाटतं. लेट्स एन्क्रिप्ट ती फुकट देतं, त्यामुळे खर्चाचीही सबब नाही.

दुसरा फरक पडताळणीचा. डीव्हीमध्ये डोमेन तुमच्या ताब्यात आहे एवढंच तपासतात. सांगितलेली फाइल साइटवर ठेवली किंवा डीएनएसमध्ये नोंद केली की काम झालं. ओव्हीत संस्थेची नोंदणी आणि पत्ता पाहतात, तर ईव्हीत हीच तपासणी अधिक कडक असते. (ईव्हीचं वाइल्डकार्ड साध्या डोमेनला मिळत नाही. नियमच तसा आहे.) पूर्वी ईव्ही घेतलं की ब्राउझरच्या पत्तापट्टीत हिरव्या अक्षरांत कंपनीचं नाव झळकायचं. 2017 मध्ये इयान कॅरोल या संशोधकानं अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ‘Stripe, Inc’ नावाची कंपनी रीतसर नोंदवली आणि त्या नावानं ईव्ही मिळवलं. पैशांचे व्यवहार हाताळणारी प्रसिद्ध स्ट्राइप वेगळी, पण पट्टीत नाव तेच दिसायचं. 2019 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ते नाव पट्टीतून काढून टाकलं. सामान्य ग्राहकाला आज डीव्ही आणि ईव्ही यांत काहीच फरक दिसत नाही.

उरते वॉरंटी. योजनेच्या नावाशेजारी दहा हजार डॉलर, दहा लाख डॉलर असे आकडे असतात. साइट हॅक झाली तर एवढे पैसे आपल्याला मिळतील, असं वाचणाऱ्याला वाटतं. पण ही वॉरंटी सहसा साइटच्या मालकासाठी नसतेच. ती साइटवर येणाऱ्या ग्राहकासाठी असते, आणि तीही प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीनं पडताळणीत चूक करून भलत्याला प्रमाणपत्र दिलं आणि त्यावर विसंबून ग्राहकाचे पैसे बुडाले तरच. बऱ्याच करारांत हा व्यवहार ऑनलाइन कार्डानं केलेला असावा लागतो, आणि प्रत्येक व्यवहारामागे वेगळी, बरीच लहान मर्यादा असते. सर्व्हर फोडला गेला, किल्ली चोरीला गेली, दुकानदारच लबाड निघाला, तर यातलं काहीही वॉरंटीत बसत नाही. बँकेसारख्या दिसणाऱ्या नावाचं डोमेन घेऊन भामट्यानं डीव्ही मिळवलं, तरी कंपनीची चूक ठरत नाही. डोमेन त्याचंच होतं, आणि तेवढंच तपासायचं होतं.

2011 मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार या प्रमाणपत्र कंपनीत घुसखोरी झाली. हल्लेखोरानं *.google.com चं बनावट प्रमाणपत्र काढून घेतलं आणि इराणमधल्या जीमेल वापरणाऱ्यांवर पाळत ठेवायला ते वापरलं गेलं. सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं निघालं. गूगल तिचं ग्राहक नव्हतं. म्हणजे तुम्ही कितीही मोठ्या वॉरंटीचं प्रमाणपत्र घ्या, तुमच्या नावाचं बनावट प्रमाणपत्र भलत्याच कंपनीतून निघू शकतं, आणि तिथे तुमच्या योजनेतल्या आकड्याला काही अर्थ नसतो.

त्यापेक्षा डीएनएसमधली एक फुकटची ओळ अधिक उपयोगी पडते:

```
example.com. CAA 0 issue "letsencrypt.org"
```

या नावाचं प्रमाणपत्र इतर कुणी देऊ नये, असा तिचा अर्थ. देण्याआधी ही नोंद पाहणं 2017 पासून सगळ्या प्रमाणपत्र कंपन्यांना बंधनकारक आहे. डिजिनोटारसारखी कंपनीच आतून पोखरली गेली, तर ही ओळ काही करू शकणार नाही. त्यासाठी crt.sh या साइटवर अधूनमधून आपलं डोमेन शोधावं. निघालेल्या प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदी तिथे दिसतात. त्यात आपण न मागितलेलं एखादं दिसलं, तर ते देणाऱ्या कंपनीला कळवून लगेच रद्द करायला लावावं.